योकिचच्या ट्रिपल-डबलचा भाव

डेन्व्हर नगेट्सचा सर्बियन सेंटर निकोला योकिच २०२४-२५ च्या एनबीए हंगामात ७० सामने खेळला. सामन्यामागे त्याची सरासरी होती २९.६ गुण, १२.७ रीबाउंड आणि १०.२ असिस्ट. नेम चुकून परतलेला चेंडू पकडला की रीबाउंड. आपल्या पासवर सहकाऱ्याने बास्केट केली की असिस्ट. एका सामन्यात यांपैकी दोन रकान्यांत दोन अंकी आकडा लागला तर डबल-डबल, तिन्हींत लागला तर ट्रिपल-डबल. चोरलेले आणि अडवलेले चेंडूही या हिशेबात धरतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोल्डन स्टेटच्या ड्रेमंड ग्रीनने अवघे ४ गुण करूनही चोरलेल्या चेंडूंच्या जोरावर ट्रिपल-डबल साधलं होतं. पण तसं फार क्वचित घडतं.

तिन्ही सरासऱ्या दहाच्या वर असल्या म्हणजे ट्रिपल-डबल रोजचंच, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात योकिचने ते ७० पैकी ३४ सामन्यांत केलं, म्हणजे निम्म्याहून थोडं कमी वेळा. सरासरी आणि शक्यता यांच्यातल्या या अंतरावर अमेरिकेत एक अख्खा बाजार चालतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली क्रीडा सट्ट्यावरचा केंद्रीय निर्बंध रद्द केला. त्यानंतर अनेक राज्यांत ‘योकिच आज ट्रिपल-डबल करेल का?’ यावर उघडपणे पैसे लावता येऊ लागले. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना २०२५ च्या कायद्याने बंदी आहे. तरी हा भाव काढतात कसा, हे गणित म्हणून पाहण्यासारखं आहे.

पहिली सोय अशी की योकिचच्या गुणांची चिंता करावी लागत नाही. तीसच्या आसपास गुण करणारा माणूस दहाच्या खाली अडकण्याची शक्यता इतकी कमी की ती सोडून दिली तरी चालते. उरले रीबाउंड आणि असिस्ट. प्रत्येकाची दहा गाठण्याची शक्यता काढायची आणि गुणाकार करायचा, हा सरळ मार्ग झाला. पण दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या असतील तर हा गुणाकार चुकतो, आणि इथे त्या बांधलेल्या आहेत. योकिच मैदानावर जितकी मिनिटं राहील तितके रीबाउंडही वाढणार आणि असिस्टही. त्या हंगामात तो सरासरी ३६.७ मिनिटं खेळला, पण ही सरासरी दोन तऱ्हेच्या रात्रींची मिळून बनते. सामना अटीतटीचा असेल तर तो शेवटपर्यंत खेळतो. एकतर्फी झाला, मग नगेट्स जिंकत असोत वा हरत, तर चौथ्या क्वार्टरमध्ये प्रशिक्षक त्याला बाकावर बसवतात. फाउल लवकर जमा झाले तरी तेच.

समजा, पाचपैकी चार रात्री तो साधारण ३८.४ मिनिटं खेळतो आणि एका रात्री ३०. ही वाटणी माझी, हिशेबापुरती. सरासरी मात्र ३६.७ च्या जवळच येते. मिनिटामागचा वेग कायम धरला तर लांब रात्री अपेक्षित रीबाउंड १३.३ आणि असिस्ट १०.७ होतात, आखूड रात्री हेच १०.४ आणि ८.३ वर येतात. या अपेक्षेभोवती आकडे पॉयसाँ वितरणाप्रमाणे पसरतात असं धरलं, तर लांब रात्री रीबाउंड दहा गाठण्याची शक्यता ८५ टक्के आणि असिस्टची ६२ टक्के निघते. एकाच तऱ्हेच्या रात्रीत दोन्ही स्वतंत्र मानले की ट्रिपल-डबलची शक्यता ५३ टक्के. आखूड रात्री हेच आकडे ५९ आणि ३३ होतात, गुणाकार जेमतेम १९ टक्के. चारास एक या प्रमाणात दोन्ही एकत्र केले की ४६.३ टक्के मिळतात. आधी रीबाउंड आणि असिस्टच्या सरासरी शक्यता काढून, मिनिटांचा विचारच न करता गुणाकार केला असता तर ४५.१ आले असते. दोघांना बांधणारा धागा मिनिटांचा आहे, आणि तो ट्रिपल-डबलची शक्यता किंचित वर उचलतो.

फरक एका टक्क्याचा, मग एवढा खटाटोप कशाला? खटाटोपाची खरी कमाई वेगळी आहे. प्रतिस्पर्धी इतका दुबळा आहे की आज सामना एकतर्फी होण्याची शक्यता मोठी आहे, असं समजा. आखूड रात्रीचा वाटा २० वरून ३५ टक्क्यांवर नेला की ४६ चे ४१ होतात. ज्याला फक्त सरासरी दिसते तो दुबळा संघ पाहून म्हणेल, आज तर योकिच धुमाकूळ घालणार. मिनिटं पाहणारा म्हणेल, घालेलही, पण तिसऱ्या क्वार्टरपर्यंतच.

डबल-डबलचं गणित उलट्या दिशेने जातं, आणि मला तरी या विषयातला हाच भाग सर्वांत गमतीचा वाटतो. गुण ठरलेलेच असल्याने योकिचला डबल-डबलसाठी रीबाउंड किंवा असिस्ट यांपैकी एकच पुरे. म्हणून दोन्हींच्या शक्यता मिळवायच्या आणि दोन्ही एकत्र घडण्याची शक्यता वजा करायची: ८० अधिक ५६ वजा ४६, म्हणजे ९० टक्के. धागा नसता तर ४६ ऐवजी ४५ वजा झाले असते आणि डबल-डबल ९१ वर गेलं असतं. दोन रकाने जितके हातात हात घालून चालतील, तितकं ट्रिपल-डबल सोपं आणि डबल-डबल अवघड, तेही अगदी तेवढ्याच टक्क्यांनी. दोन्ही भाव एकाच बाजूला हलवणाऱ्याचा हिशेब म्हणूनच कुठेतरी बिघडलेला असतो.

हे सूत्र इतकं सुटसुटीत राहतं ते केवळ योकिचचे गुण पक्के आहेत म्हणून. ज्याचे गुणच दहाच्या काठावर असतात, त्याच्या बाबतीत तिन्ही रकान्यांचा एकत्र विचार करावा लागतो. तिथे धागा उलटाही असू शकतो, कारण एका चालीत चेंडू स्वतः मारला तर त्याच चालीचा असिस्ट त्याला मिळत नाही.

गणिताला न दिसणारी एक गोष्ट म्हणजे नववा आकडा. नऊ रीबाउंड झालेला खेळाडू दहाव्यासाठी धडपडतो. चेंडूला नऊ आणि दहाची फिकीर नसते, माणसाला असते. मार्च २००३ मध्ये क्लीव्हलंडच्या रिकी डेव्हिसने युटाविरुद्ध शेवटच्या क्षणी दहाव्या रीबाउंडसाठी चक्क स्वतःच्याच संघाच्या बास्केटवर चेंडू मारला. तो रीबाउंड धरला गेला नाही. शिवाय असिस्ट द्यायचा की नाही हे शेवटी मैदानावरच्या नोंदणीकाराच्या निर्णयावर असतं, आणि सीमेवरच्या सामन्यात एकाच पासवर सगळा निकाल फिरू शकतो.

आता भाव. ४६.३ टक्के शक्यतेचा रास्त भाव २.१६, म्हणजे १०० रुपयांवर मूळ रकमेसह २१६ रुपये. एकतर्फी सामन्याची शंका असेल तर २.४३. पेढीवर समजा २.०० लावला असेल, तर ती आपल्याला ५० टक्के शक्यता विकते आहे आणि मधलं अंतर तिचं. अशा पैजांत बरेचदा फक्त ‘हो’ची बाजू विकायला ठेवतात. ‘नाही’चाही भाव समोर असता, तर दोन्हींची बेरीज शंभराच्या किती वर जाते ते पाहून पेढीचा कट काढता आला असता. एकच बाजू दाखवली की तो झाकलेला राहतो.

आपलं ४६ बरोबर आहे का, हे योकिचच्या ३४ वरून ठरत नाही. ४६.३ टक्क्यांनी ७० सामन्यांत ३२ च्या आसपास ट्रिपल-डबल अपेक्षित, आणि निव्वळ नशिबाने त्यात चारेकांची वाढघट सहज होते. एक-दोन टक्क्यांचा वाद मिटवायचा तर एका खेळाडूचा एक हंगाम पुरत नाही. त्यासाठी बऱ्याच खेळाडूंचे बरेच हंगाम एकत्र करून, ज्या ज्या सामन्यांना आपण ४५ ते ५० टक्के म्हटलं होतं त्यांत खरोखर किती वेळा तसं घडलं, हे मोजावं लागतं.