मेणबत्ती आधी बाहेर न्या

आत्याचं आयुष्य चुलीपुढे गेलं. साठी उलटल्यावर तिला सीओपीडीचं निदान झालं आणि गेल्या वर्षी ऑक्सिजनचं मशीन घरात आलं. पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीपासून हातभर लांब ठेवलेलं, दिवसरात्र घरघरणारं. डॉक्टरांनी मिनिटाला 2 लिटर लिहून दिलं होतं, दिवसाचे निदान पंधरा-सोळा तास.

एका संध्याकाळी मी तिथेच असताना लाइट गेली. घरघर थांबली आणि मशीन एकसुरी बोंबलायला लागलं. वहिनीने सवयीने मेणबत्ती पेटवली आणि आत्याच्या उशाजवळच्या स्टुलावर ठेवली. दादा अंधारात धावत सिलिंडर ओढत आला, रेग्युलेटर फिरवला, नळीतून बारीक फुसफुस सुरू झाली. मेणबत्ती आत्याच्या शालीपासून वीतभर लांब होती. माझं लक्ष गेलं आणि मी ती उचलून बाहेर ओसरीवर नेली. काही झालं नाही. पण वीज जाणं आणि आग लागणं या दोन धोक्यांची सूचनापत्रकं वेगवेगळी असली, तरी घरात ते असे एकाच क्षणी समोर येतात, हे त्या दिवशी कळलं.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही. तो दुसऱ्याला जाळतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत तो 21 टक्के असतो. मशीन त्यातला नायट्रोजन बाजूला काढून साधारण 90 टक्क्यांच्या पुढचा ऑक्सिजन नळीत सोडतं. नाकापाशी आलेला सगळाच काही फुप्फुसात जात नाही. बराचसा पदरात, शालीत, केसांत, गादीत मुरतो. अशा कापडावर ठिणगी पडली तर ते नुसतं धुमसत नाही, भडकतं, आणि नाकातली प्लास्टिकची नळी वातीसारखी पेटत चेहऱ्याकडे जाते. मशीन बंद केल्यावरही कापडात मुरलेला ऑक्सिजन लगेच निघून जात नाही. म्हणून निदान अर्धा तास थांबावं, खिडकी उघडावी आणि मगच त्या माणसाने आगीच्या जवळपास जावं.

सर्वांत वाईट म्हणजे चालू नळी काढून गादीवर किंवा पांघरुणाखाली टाकून चहाला उठणं. पांघरुणाखाली ऑक्सिजन साठत राहतो, आणि नुकतीच साठवलेली ही जागा कुणालाच दिसत नाही. नळी काढायची तर आधी बटण बंद.

आत्याच्या घरी मग आम्ही एकेक ज्योत शोधत फिरलो. देवघर त्याच खोलीत होतं. सांजवात, उदबत्ती, धूप, सगळं तिथेच. ते स्वयंपाकघरापलीकडच्या कोनाड्यात हलवलं. आत्या हळहळली, पण वाकून नमस्कार करताना नळी निरांजनावर लोंबेल हे तिला पटलं. डास मारायची कॉइल बंद झाली, मच्छरदाणी आली. गॅसची शेगडी मशीनपासून 3 मीटरच्या पलीकडे होतीच, पण ‘जरा दूध बघते’ म्हणत नळीसकट ओट्याशी जाणं बंद केलं. सगळ्यात अवघड गेलं ते काकांच्या विडीचं. दारात बसून ओढली तरी चालेल, असं त्यांना वाटायचं. आता विडी अंगणापलीकडे, आणि काडेपेटी त्या खोलीत येतच नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या सवयीची. नळीने नाक कोरडं पडतं, सोलवटतं. मग कुणी बोटाने खोबरेल तेल लावतं, कुणी व्हॅसलीन, कुणी छातीला बाम चोळतं. तेल आणि पेट्रोलियमचे मलम ऑक्सिजनमध्ये सहज पेट घेतात. त्याऐवजी पाण्याचा बेस असलेलं जेल औषधाच्या दुकानात मागून घ्यावं. सिलिंडरच्या बाबतीत तर हे फार कडक पाळायचं. तेलकट हाताने रेग्युलेटरला हात लावायचा नाही आणि व्हॉल्व्ह घट्ट आहे म्हणून त्यात तेल कधीच सोडायचं नाही. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला ठिणगीशिवायही पेटवू शकतो.

आता विजेकडे येऊ. 5 लिटरचं मशीन साधारण 350 वॅट खातं. घरात बाराशे-पंधराशेचा इन्व्हर्टर आणि 150 अँपिअर-तासाची बॅटरी असेल, तर कागदावर 1,800 वॅट-तास होतात. त्यातले निम्मे ते दोन तृतीयांश हाताशी लागतात असं धरा. म्हणजे पंखा-दिवे बंद ठेवून जेमतेम तीन तास, आणि बॅटरी जुनी असेल तर त्याहूनही कमी. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा, नाहीतर मशीनचा कॉम्प्रेसर गुणगुणत तापतो. लहान इन्व्हर्टर मशीन सुरू होताना ट्रिप होऊ शकतो. म्हणून एखाद्या दिवशी, सिलिंडर तयार ठेवून, मेन स्विच बंद करून किती वेळ चालतं ते घड्याळ लावून मोजा. जनरेटर आणलात तर तो घराबाहेर, खिडकीपासून दूर. त्याचा धूर घरात शिरला की कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. मशीनचा प्लग एक्स्टेन्शनच्या वायरीत नको, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये हवा.

तीन तासांनंतरचं काम सिलिंडरचं. घरी आणतात तो 10 लिटर पाण्याच्या मापाचा, बी टाइपचा. भरलेला असला की काटा 150 च्या आसपास असतो आणि आत साधारण 1,500 लिटर ऑक्सिजन असतो. हिशेब सोपा आहे : काट्यावरच्या आकड्याची दहापट, भागिले मिनिटाचे लिटर. आत्याच्या सिलिंडरचा काटा त्या संध्याकाळी 60 वर होता. म्हणजे 600 लिटर, मिनिटाला 2 प्रमाणे 300 मिनिटं, पाच तास. त्यातला एक तास आम्ही हिशेबात धरलाच नाही. लाइट साडेनऊला आली. नसती आली, तर साडेअकरापर्यंत दुसरा सिलिंडर दारात हवा होता, आणि तो नव्हता. आता दोन असतात, भिंतीला साखळीने बांधून उभे.

लाइट गेल्यावर माणूस घाबरतो आणि घाबरला की धाप वाढते. तेव्हा काटा 3-4 वर फिरवायचा मोह होतो. सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांमध्ये जादा ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. ओळख अशी : माणूस पेंगतो, बरळतो, सकाळी डोकं जड होऊन उठतो. आत्यासाठी डॉक्टरांनी बोटाच्या मापकावर 88 ते 92 ठरवून दिलं आहे. ती तेवढ्यात असेल तर 2 ला हात लावायचा नाही. पुढे वाकवून बसवायचं, ओठ मिटत आणून हळूहळू फुंकर मारल्यासारखा श्वास सोडायला सांगायचा. आकडा तिच्या ठरलेल्या मापाखाली राहिला, ओठ निळसर झाले किंवा ती हाकेला नीट उत्तर देईना, तर 108 ला फोन.

आणि दुर्दैवाने पेट घेतलाच, तर नळी चेहऱ्यावरून ओढून काढा, मशीनचा स्विच किंवा सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताशी असेल तरच बंद करा, माणसाला बाहेर न्या, मग 101. मशीनवर पाणी ओतू नका.

महावितरणकडे मोबाइल नोंदवला की नियोजित बंदचा एसएमएस येतो, तो दादाकडे येतो. तो आला की सिलिंडरचा काटा बघायचा, हे त्याच्या फोनमध्ये लिहिलेलं आहे. आत्याच्या पलंगाजवळच्या खिळ्याला एक बॅटरीचा टॉर्च टांगलेला असतो, आणि त्याच दोरीला सिलिंडरची चावी बांधलेली आहे.