पूर ओसरल्यावरचा ढिगारा

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ते उतरल्यावर दुकानदारांसमोर उरला गाळ आणि त्यात रुतलेला माल.

हा गाळ किती असतो, याचा हिशेब करून पाहा. दहा बाय वीस फुटांच्या दुकानात अर्धा फूट गाळ साचला, तर तो होतो 100 घनफूट, म्हणजे एक ब्रास. ओल्या गाळाचं वजन भरतं साधारण साडेचार ते पाच टन. म्हणजे एका दुकानामागे ट्रॅक्टरची एक ट्रॉली. पन्नास दुकानांची गल्ली असेल तर पन्नास खेपा, आणि त्यात भिजलेला माल अजून धरलेलाच नाही.

म्हणून जाणती माणसं पाणी पूर्ण उतरायची वाट पाहत नाहीत. वीजपुरवठा बंद आहे याची खात्री करून, पाणी घोट्याएवढं असतानाच गाळ ढवळून पाण्याबरोबर बाहेर लोटतात. एकदा का तो वाळला, की फावडंही चालत नाही. मात्र हा गाळ गटारात ढकलला, तर गटार तुंबतं आणि पुढच्या सरीला पाणी पुन्हा घरात येतं.

खरी चूक होते ती दारात. घाईघाईत सगळं एकाच ढिगात पडतं आणि कीटकनाशकाची एक बाटली फुटली, की निव्वळ मातीचा ढीगही विषारी होतो. तो मग भरावालाही चालत नाही. त्यामुळे नुकसानीचे फोटो काढून झाले, की पंचनाम्याची वाट पाहतानाच दारात वेगवेगळे ढीग करावेत: गाळ, लाकूडफाटा, विजेची उपकरणं आणि कुजणारं धान्य. कीटकनाशकं, रंग, ॲसिड आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आडोशाला, झाकण असलेल्या टबात उभ्या ठेवाव्यात. वाहून आलेला गॅस सिलिंडर उघडून पाहू नये, वितरकाला कळवावं. मेडिकलमधल्या भिजलेल्या औषधांची आणि सुयांची वाट वेगळी, त्या जैववैद्यकीय कचऱ्यातच जायला हव्यात. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र येऊ देऊ नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. हे काम गमबूट आणि रबरी हातमोजे घालूनच करावं. गाळातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो.

दारात केलेली ही वर्गवारी ट्रॉलीत आणि पुढे तात्पुरत्या डंपिंगच्या जागेवरही टिकली पाहिजे. ही जागा पूररेषेच्या वर, विहिरींपासून लांब आणि ट्रक वळेल एवढी ऐसपैस लागते. घातक वस्तूंखाली जाड प्लास्टिक आणि वर छप्पर हवं. कुजणारा माल आधी हलवावा, कारण उंच ढिगात आतून उष्णता वाढते आणि आग लागू शकते. नदीकाठ जवळ पडतो म्हणून तिथे टाकलेला कचरा पुढच्या पुरात परत गावात येतो.

ही जागा पावसाळ्याआधीच नकाशावर ठरवून ठेवावी आणि ती कोण, कधीपर्यंत रिकामी करणार हेही लेखी असावं. तारीख नसलेली तात्पुरती जागा गावाची कायमची कचराभूमी होते.