पावसात डिस्क की ड्रम?

माझा मावसभाऊ रोज ठाण्याहून अंधेरीला बाईकने जातो. नवीन १००-१२५ सीसीची गाडी घेताना त्याने विचारलं, "दादा, पुढे डिस्क घ्यायची तर जास्त पैसे मोजावे लागतात. पावसात खरंच फरक पडतो का?" घर्षण हाच माझ्या पीएचडीचा विषय, त्यामुळे सुटका नव्हती.

पडतो, पण पाऊस कसा आहे त्यावर तो अवलंबून.

नुसती सर येत असेल तर बंदिस्त ड्रम आतून बहुतेक कोरडाच राहतो. डिस्क मात्र उघडी, तिच्यावर पाण्याचा पातळ थर बसतो. ब्रेक दाबला की पॅड आधी तो थर पुसतात, मग पकड येते. समजा यात अर्धा सेकंद गेला. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११ मीटर, तेव्हा साडेपाच मीटर गाडी जवळपास तशीच पुढे जाते. एका कारपेक्षा जास्त लांबी झाली ही! डिस्कवरची भोकं हा वेळ कमी करतात, कारण पाण्याला निसटायला जागा मिळते.

आता मिलन सबवेसारखं तुंबलेलं पाणी घ्या. चाकाचा मध्य जमिनीपासून साधारण ३० सेंमीवर असतो. १३० मिमीचा ड्रम असेल तर त्याची खालची कड सुमारे २३ सेंमीवर येते, म्हणजे वीतभर पाणी पुरे. ते फटीतून आत शिरतं आणि लवकर बाहेर पडत नाही. शूचा लायनर रुंद, त्यावरचा दाब पॅडपेक्षा कमी, त्यामुळे पाणी पटकन पुसलं जात नाही. डिस्कही भिजते, पण फिरता फिरता पाणी फेकते आणि एक-दोनदा दाबल्यावर ताळ्यावर येते.

ओला ड्रम ओळखायचा कसा? लिव्हर नेहमीइतकाच दाबला जातो, पण गाडी थांबत नाही. मागे कोणी नाही ना बघून, हळू चालवत ब्रेक हलका धरून ठेवा. उष्णतेने लायनर सुकतो. मात्र सुकताना पकड अचानक परत येते, म्हणून जोरात दाबू नका. सुकल्यावरही ब्रेक ढिला वाटला तर ड्रम उघडून आतला चिखल साफ करून घ्या.

एक गोष्ट मात्र डिस्कही करू शकत नाही. शेवटी गाडी थांबवतो तो टायर आणि रस्ता. ओल्या रस्त्यावर जोरदार ब्रेकने पुढचं चाक लॉक झालं की संपलंच. १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांना एबीएस नसून सीबीएस असतं. ते ब्रेक दोन्ही चाकांत वाटून देतं, लॉक होणं रोखत नाही.

भावाला सांगितलं, पुढे डिस्क घे, मागे ड्रम चालेल. सबवेतून बाहेर आलास की पहिल्या सिग्नलच्या आधीच दोन्ही ब्रेक दाबून बघ.