वजन तेच, सेट निम्मे

उंब्रजच्या सर्व्हिस रोडलगतच्या जिममध्ये संध्याकाळचे साडेसात वाजलेत. पत्र्यावर पाऊस तडतडतोय, हायवेवरून ट्रक चाललेत आणि आतली पोरं आरशासमोर दंड फुगवून बघतायत. रॅकपाशी मात्र एक शिडशिडीत तरुण बारला प्लेटा चढवतोय. दोन्ही बाजूंना वीस आणि दहा, बार वीसचा; एकूण ऐंशी किलो.

आज गुरुवार. पुढच्या रविवारी, म्हणजे दहा दिवसांनी, त्याची सातारा हिल हाफ मॅरेथॉन आहे. साताऱ्यातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेनं उतरायचं, 21.1 किलोमीटर. चढाला दम लागतो, पण मांड्या मोडतात त्या उतारावर, कारण तिथं प्रत्येक पावलाला त्या ब्रेक लावत असतात. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत जिम सोडून देणं त्याच्या सरांना मान्य नाही.

तो खाली बसतो, उठतो. चार रेप्स, बार रॅकवर. तीन मिनिटं थांबून पुन्हा चार. झालं. महिनाभर याच वजनावर तो सहा-सहाचे चार सेट मारत होता. चोवीस रेप्सचे आज आठ झाले, वजन मात्र एक किलोनंही उतरलेलं नाही.

"सर, हलकं वाटतंय. अजून एक मारू?"

"हलकं वाटायलाच पाहिजे. प्लेटा काढ."

बहुतेक जण इथं उलटं करतात. शर्यत जवळ आली की वजन निम्मं करतात आणि वीस-वीस रेप्स काढतात. थकवा येतो तो एकूण कामाचा. ताकद टिकते ती जड वजनाची आठवण ठेवल्यानं. हलक्या वजनाच्या ढीगभर रेप्सनी पाय भरून येतात आणि ताकदीला काहीच मिळत नाही.

लंजेस सरांनी यादीतून खोडलेत, कारण त्यानं मांड्या हमखास दुखतात. पिंडऱ्यांचा एक सेट ठेवलाय. शेजारचा एक जण नवीन मशीन दाखवतो, "हे करून बघ की." सर मान हलवतात. नव्या व्यायामाचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं, त्यामुळे तो प्रयोग शर्यतीनंतर.

"उद्या सकाळी जिना उतरताना मांड्या बोलल्या तर मला सांग. मंगळवारचा सेट कापू."

धावणंही उतरलंय. गेल्या रविवारी अठरा किलोमीटर झाले, या रविवारी बारा. मधे थोडं शर्यतीच्या वेगानं, म्हणजे पाय सुस्तावत नाहीत.

तो वही काढून लिहितो : मंगळवार, ऐंशी किलो, तीन-तीनचे दोन सेट. त्यानंतर रविवारची शर्यत होईपर्यंत पायांचा व्यायाम बंद.