बिल हातात आहे, पण पोर्टलवर आहे का?



हा लेख ज्या उत्पादक गटांनी आणि प्रभागसंघांनी नेहमीची जीएसटी नोंदणी घेतली आहे, त्यांच्या हिशेब लिहिणाऱ्या ताईंसाठी आहे. नोंदणी नसेल किंवा कंपोझिशन योजना घेतली असेल, तर खरेदीवर भरलेला कर परत वजा मिळत नाही, म्हणून ही जुळणीही लागत नाही.

आपण बाटल्या घेतो तेव्हा बिलात कर भरतो. सरबत विकल्यावर जो कर द्यायचा असतो, त्यातून तो वजा होतो. पण १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की दुकानदाराने ते बिल आपल्या जीएसटी नंबरावर त्याच्या GSTR-1 मध्ये दाखवलं, तरच वजावट मिळते. नुसतं पक्कं बिल फाइलला लावून भागत नाही.

दुकानदारांनी काय भरलं, त्याची यादी पोर्टलवर दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. तिचं नाव GSTR-2B. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं GSTR-3B २० तारखेपर्यंत भरायचं असतं. म्हणून जुळणीचा दिवस १५ तारीख ठरवून टाका, म्हणजे फोन करायला चार-पाच दिवस हातात राहतात.

पद्धत सोपी आहे. एक्सेलच्या एका पानावर आपलं खरेदी रजिस्टर ठेवा: A मध्ये दुकानदाराचा जीएसटी नंबर, B मध्ये बिल नंबर. दुसऱ्या पानाला 2B नाव द्या आणि पोर्टलवरून उतरवलेल्या फाइलमधले तेच दोन रकाने तिथे त्याच क्रमाने चिकटवा. मग रजिस्टरच्या मोकळ्या रकान्यात हे लिहून खाली ओढा:

```
=COUNTIFS('2B'!A:A,A2,'2B'!B:B,B2)
```

१ आलं तर बिल सापडलं, ० आलं तर नाही. सापडलेल्या बिलांची कराची रक्कम डोळ्यांनी ताडून बघा. शून्यवाल्यांची वेगळी यादी करा. तोच आपला महिन्याचा अहवाल.

समजा, मे महिन्यात कोकम सरबतासाठी तीन खरेद्या झाल्या. काचेच्या बाटल्या २०,००० रुपयांच्या, कर ३,६००. झाकणं ५,००० ची, कर ९००. साखर ३०,००० ची, कर १,५००. एकूण कर ६,०००. १५ जूनला जुळणी केली तर बाटल्यांसमोर १ आणि बाकी दोघांसमोर ०.

लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. आधी 2B च्या पानावर त्याच दुकानदाराची दुसरी नोंद आहे का बघा. झाकणांचं बिल आपल्याकडे KC/0145 आहे आणि तिथे KC/145 दिसतंय. तारीख आणि रक्कम तीच आहे. म्हणजे बिल एकच, फक्त शून्य गळलाय. तशी टीप लिहा आणि ९०० धरा.

साखरवाल्याची मात्र एकही नोंद नाही. त्याला फोन केल्यावर दोनपैकी एक उत्तर येतं. एक, तो तिमाही रिटर्न भरतो. तसं असेल तर एप्रिल ते जूनची बिलं तो १३ जुलैपर्यंत भरेल आणि आपल्याला १४ जुलैच्या यादीत दिसतील. तोवर थांबायचं. दुसरं, त्याने आपला नंबर न टाकता किरकोळ गिऱ्हाईक म्हणून विक्री दाखवली. हे बिल वाट पाहून येणार नाही. त्याला पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती करावी लागेल. म्हणून माल घेतानाच बिलावर आपला जीएसटी नंबर छापलाय का, ते बघत जा.

या महिन्यात वजावट ४,५०० ची. १,५०० "येणे" म्हणून पुढच्या अहवालात ओढा. आधीच धरून वापरले, तर नंतर व्याजासकट भरावे लागू शकतात. आणि विसरलात तर तेही गेले. एका आर्थिक वर्षाच्या बिलांची वजावट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच मिळते, त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तोपर्यंतच. २०२५-२६ ची साखर असेल तर ३० नोव्हेंबर २०२६. त्यानंतर ते दीड हजार गटाच्या नफ्यातूनच जातात.

उलटी जुळणीही करा. यादीत आहे पण रजिस्टरमध्ये नाही, असं बिल दिसलं तर एकतर आपलं बिल हरवलंय किंवा दुसऱ्याचं बिल चुकून आपल्या नंबरावर चढलंय. माल आला नसेल तर ती वजावट घेऊ नका.

शेवटचं, 2B मध्ये नाव आलं म्हणून कागद टाकू नका. दोन्ही लागतात. जगबुडीचं पाणी बाजारपेठेत शिरतं तेव्हा दप्तर भिजतं, हे खेडच्या ताईंना सांगायला नको. बिल आलं की त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

– क्षेत्र समन्वयक, खेड