राणीच्या बागेत सहाच प्राणी

लहान मुलांना घेऊन बाहेरगावाहून मुंबईत येणाऱ्या कुटुंबाचा बेत बहुतेक वेळा ठरलेला असतो: सकाळी भायखळ्याची राणीची बाग, दुपारी वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र आणि संध्याकाळी गेटवे. नकाशावर ही ठिकाणे जवळ दिसतात, म्हणून बेत जमेलसा वाटतो. प्रत्यक्षात विज्ञान केंद्राच्या दारात पोचेपर्यंत धाकटे बाबांच्या खांद्यावर झोपलेले असते आणि थोरल्याला भेळेखेरीज कशातच रस उरलेला नसतो. रस्त्याचा वेळ सगळे धरतात. पाहण्याने येणारा थकवा मात्र कुणी हिशेबात घेत नाही.

हा थकवा काही आजचा नाही. बोस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी 1916 मध्ये त्यावर लेख लिहिला होता. त्यांनी एका माणसाला मांडलेल्या वस्तू पाहायला लावून त्याची छायाचित्रे काढली. दर वस्तूपाशी तो किती वाकतो, मान किती वळवतो, टाचा किती उंचावतो हे त्यांत दिसते. थोडे चालायचे, थांबायचे, वाकायचे, पुन्हा चालायचे, यात सरळ चालण्यापेक्षा जास्त दमणूक होते. पाच वर्षांच्या मुलाला तर कठड्यावरून डोकावायलाही टाचा उंच कराव्या लागतात, आणि समोर गर्दी असेल तर त्याला दिसतात फक्त मोठ्यांच्या पाठी.

म्हणून राणीच्या बागेसाठी माझा हिशेब प्राण्यांपासून सुरू होतो. बाग पन्नासेक एकरांची. सगळे पाहायचे ठरवले तर प्रत्येक दालनापाशी मिनिट-दोन मिनिटेच मिळतात आणि मुलांना आठवते ती फक्त पायपीट. त्याऐवजी सहा प्राणी निवडावेत, शक्यतो मुलांनीच. प्रत्येकी दहा मिनिटे म्हणजे एक तास. मधल्या चालण्याची चाळीसेक मिनिटे. डबा, पाणी, स्वच्छतागृह आणि झाडाखाली नुसते बसणे यांना अर्धा तास. उरलेली वीस मिनिटे दारापर्यंत परतायला, कारण दमलेले मूल येतानाच्या निम्म्या वेगाने चालते. झाले अडीच तास. पाच वर्षांच्या मुलाला एवढे पुरे. नऊ-दहा वर्षांचे असेल तर आणखी तासभर वाढवता येतो.

सुरुवात सकाळी, बाग उघडताना करावी. वाघ, बिबट्या, अस्वल ऊन चढण्याआधी फिरताना दिसण्याची शक्यता जास्त असते. दुपारी बारा वाजता पडून राहिलेला वाघ आजारी नसतो. मांजरकुळातले प्राणी दिवसाचा मोठा भाग झोपूनच काढतात. पाणघोडा दिवसभर पाण्यात राहतो, कारण त्याची चरण्याची वेळ रात्रीची. पेंग्विनांना मात्र उन्हाशी देणेघेणे नाही; त्यांचे दालन यंत्रांनी थंड ठेवलेले असते. त्यामुळे कामाच्या दिवशी पेंग्विन साडेअकरानंतर पाहावेत, म्हणजे आपल्यालाही तेवढाच गारवा. रविवारी किंवा सुट्टीत हा क्रम उलटा करावा आणि आधी पेंग्विनच गाठावेत, नाहीतर मुलांची सगळी ताकद रांगेतच संपेल.

बुधवारी बाग बंद असते. ही पालिकेची लहर नव्हे. आठवड्यातून किमान एक दिवस प्राणिसंग्रहालय प्रेक्षकांना बंद ठेवावे, असा देशभर लागू असलेला नियमच आहे. मुलांना सांगावे, प्राण्यांनाही आपल्यापासून सुट्टी लागते.

दहा मिनिटे एका जागी थांबण्याचा दुसरा उपयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. प्राणी बरा आहे की नाही हे मिनिटभरात कळत नाही. मुले तर हमखास विचारतात, 'तो तिथे खूश आहे का?' उत्तर देण्यासाठी पाहावे लागते.

बिबट्या येरझाऱ्या घालत असेल, तर तो कुठे वळतो याकडे लक्ष द्यावे. वाट बदलतो, मध्येच थांबून वास घेतो, कान टवकारतो, तर तो आपल्या जागेवर फिरतो आहे. तीच आठ पावले, त्याच कोपऱ्यात तशीच मान फिरवून वळणे आणि आपल्याकडे किंवा आवाजाकडे काडीचेही लक्ष नसणे, हे चिंतेचे लक्षण. कधी त्या वाटेवर गवत झिजून मातीची पट्टी उघडी पडलेली असते. अस्वलाचे सतत डोके झुलवणे आणि हत्तीचे जागच्या जागी डोलणे याच जातीचे. पोपट स्वतःची पिसे उपटत असेल, तर त्याच्या बाबतीतही शंका घ्यावी. मुले त्याला 'नाचतोय' म्हणतात, आणि मोठेही टाळ्या वाजवतात, ते मात्र ऐकवत नाही.

2003 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांचा लेख आला. जंगलात ज्या मांसाहारी प्राण्यांचा वावर फार मोठ्या क्षेत्रात असतो, त्यांच्यात बंदिवासातल्या अशा येरझाऱ्या जास्त दिसतात, असे त्यांना आढळले. ध्रुवीय अस्वल हे त्यातले ठळक उदाहरण.

तरीही लगेच निकाल देऊ नये. खाण्याची वेळ झाली की प्राणी रखवालदाराच्या दाराशी घुटमळतात. ती नुसती वाट पाहणे असते. शिवाय नाचवणाऱ्यांकडून सोडवलेले अस्वल चांगल्या जागी आल्यावरही वर्षानुवर्षे डोके झुलवत राहू शकते. म्हणजे दिसते ती खोड आजच्या जागेची असेलच असे नाही. जागेबद्दल ठरवायचे तर वेगळे पाहावे. लोकांच्या नजरेआड जाता येईल असा आडोसा आहे का? चढायला लाकडे, उकरायला माती, डुंबायला पाणी आहे का? खाणे शोधावे लागेल असे लपवून ठेवतात, की एका भांड्यात ओतून मोकळे होतात? आडोशात बसून राहिल्यामुळे वाघ दिसलाच नाही, तर मूल हिरमुसते. पण लपायला जागा असणे ही त्या दालनाची जमेची बाजू.

पेंग्विनांपाशी उलटी गंमत होते. हम्बोल्ट जातीचे हे पक्षी पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे; तिथे थंड सागरी प्रवाह आहे, बर्फ नाही. राणीच्या बागेत आठ पेंग्विन जुलै 2016 मध्ये सोलहून आले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांतला एक दगावला, तेव्हा बरीच टीका झाली. त्यामुळे एखादा पेंग्विन विस्कटलेला, अर्धी पिसे झडलेला, पाण्याकडे पाठ करून उभा दिसला, की पालक हळहळतात. पण वर्षातून एकदा या पक्ष्याची सगळी पिसे दोन-तीन आठवड्यांत गळून नवी येतात. तोवर अंग पाण्यापासून सुरक्षित नसते, म्हणून तो पोहत नाही, आणि समुद्रात असता तर त्या काळात उपाशीच राहिला असता. इथे विस्कटलेपण रोगाचे नसते.

काचेवर टकटक करणे, आरडाओरडा, वेफर्स फेकणे हे वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे; चिडवण्याइतकेच खाऊ घालण्यालाही. मूल काच वाजवू लागले तर ते खट्याळच असते असे नाही. बऱ्याचदा समोर काही घडत नाही म्हणून ते कंटाळलेले असते, किंवा दमलेले. दमलेली मुले सगळीच मंदावत नाहीत. काही जण अचानक पळू लागतात, एका दालनाकडून दुसऱ्याकडे काही न पाहता धावतात, उगाच भांडण काढतात. पालक म्हणतात, 'अजून किती दम आहे बघा.' माझ्या मते परत फिरायची वेळ हीच. 'कडेवर घे' ऐकू येईपर्यंत थांबलात, तर दारापर्यंत दोन मुले आणि तीन पिशव्या उचलाव्या लागतात. सहातले दोन प्राणी राहिले तर राहू द्यावेत.

आणि विज्ञान केंद्र? ते दुसऱ्या दिवशी. तिथे दमणूक वेगळी असते: प्रत्येक बटण दाबायचे, प्रत्येक चाक फिरवायचे आणि त्यासाठी पुढच्या मुलाचे संपेपर्यंत ताटकळायचे. तेही ताज्या मुलानेच करावे. एकाच दिवसाची सवड असेल, तर दोन्हींपैकी काय पाहायचे ते आदल्या रात्री मुलांकडूनच ठरवून घ्यावे. वार बुधवार नाही ना, एवढे तेव्हाच पाहावे.