सीटबेल्टच्या कायद्याचा हिशेब

३१ जानेवारी १९८३ पासून ब्रिटनमध्ये मोटारीच्या पुढच्या सीटवर बसणाऱ्यांना सीटबेल्ट सक्तीचा झाला. डिसेंबर १९८२ मध्ये २०७९ मोटारचालक अपघातात ठार किंवा गंभीर जखमी झाले होते. फेब्रुवारी १९८३ मध्ये हा आकडा १०५७ झाला, म्हणजे जवळजवळ निम्मा. मग हे सगळं श्रेय कायद्याचंच का?

आदल्या हिवाळ्याचे आकडे पाहा. डिसेंबर १९८१ मध्ये १७२६, तर फेब्रुवारी १९८२ मध्ये १४४५. तेव्हा कायदा नव्हता, तरी आकडा उतरलाच. वर्षअखेरीला अपघात वाढतात आणि नंतर ओसरतात, हे दरवर्षीचंच.

कायदा सगळीकडे एकदमच लागू झाल्यामुळे ‘इथे कायदा आहे, तिथे नाही’ अशी तुलना शक्य नव्हती. अशा वेळी देशाची तुलना त्याच्याच मागच्या काळाशी करतात. या पद्धतीला खंडित कालमालिका म्हणता येईल. आधीच्या अनेक वर्षांचे महिनावार आकडे घ्यायचे, त्यांतला मूळ कल आणि ऋतूंचा चढउतार ओळखायचा आणि कायदा आलाच नसता तर पुढे काय झालं असतं, याचा अंदाज बांधायचा. प्रत्यक्ष आकडे या अंदाजापेक्षा कायद्याच्या वेळी एकदम खाली आले का आणि पुढे तिथेच टिकले का, हे मग तपासायचं.

अँड्र्यू हार्वी आणि जेम्स डर्बिन या संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ ते १९८४ या काळातले आकडे घेऊन हेच केलं. वाहनांची वर्दळ आणि पेट्रोलचा भावही त्यांनी हिशेबात धरला. ठार किंवा गंभीर जखमी चालकांचं प्रमाण कायद्यानंतर सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचं त्यांना आढळलं. घट खरी होती, पण निम्म्याची नव्हती.

मागच्या सीटवरच्या प्रवाशांना कायदा लागू नव्हता. रस्तेच एकूण सुरक्षित झाले असते, तर त्यांचेही आकडे घटायला हवे होते. तशी घट दिसली नाही, त्यामुळे सीटबेल्टची बाजू भक्कम झाली.

तरी एक पेच उरला. मे १९८३ मध्ये मद्यपी चालकांच्या श्वास-चाचणी यंत्राचा निकाल कोर्टात पुरावा म्हणून धरला जाऊ लागला. काही टीकाकारांनी घटीचं श्रेय या बदलाला दिलं. दोन बदल इतके लागोपाठ आले की एकट्या मासिक मालिकेवरून त्यांचा वाटा नीट वेगळा काढता येत नाही. त्यासाठी मद्यपानाच्या वेळेतले, म्हणजे रात्री उशिराचे, अपघात वेगळे काढून पाहावे लागतात.

म्हणून कुणी ‘निर्णयाआधी इतके, निर्णयानंतर इतके’ असे दोनच आकडे पुढे केले, तर त्याच्याकडे आधीच्या काही वर्षांचे महिनावार आकडे मागा. आणि त्याच सुमाराला आणखी काय बदललं, तेही विचारा.